गीता सातशे श्लोकांची, मग तेरावा अध्याय पस्तीसचा कसा?

श्रोतेहो, नमस्कार. मार्गशीर्षात शेतात कापूस वेचणी चालू असते आणि संध्याकाळी गावच्या देवळात गीताजयंतीचं पारायण बसतं. दहा जणांपुढे दहा पोथ्या. तेरावा अध्याय आला की दोघेतिघे एक श्लोक जास्त म्हणतात, बाकीचे थांबतात. तो श्लोक असा:

अर्जुन उवाच ।
प्रकृतिं पुरुषं चैव क्षेत्रं क्षेत्रज्ञमेव च ।
एतद्वेदितुमिच्छामि ज्ञानं ज्ञेयं च केशव ॥

सातशे हा आकडा जुना आहे. आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या प्रस्तावनेतच 'सप्तभिः श्लोकशतैः' म्हटलंय, म्हणजे व्यासांनी ही गीता सातशे श्लोकांत गुंफली. त्यांचं तेराव्या अध्यायाचं भाष्य थेट 'इदं शरीरं कौन्तेय' पासून सुरू होतं, वरच्या श्लोकावर एक अक्षर नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या संहितेतही हा अध्याय चौतीस श्लोकांचाच आहे.

मग हा श्लोक आला कशाला? अध्याय विचारल्याशिवाय सुरू होतो, तेव्हा कुणाला तरी अर्जुनाचा प्रश्न हवासा वाटला असावा. पण चौथा, सातवा, नववा, दहावा हे अध्यायही भगवंतच आपणहून सुरू करतात, त्यामुळे तेराव्यात प्रश्नाची अडचण नव्हती. शब्दांकडे नीट पाहा. 'प्रकृतिं पुरुषं चैव' हीच सुरुवात याच अध्यायातल्या एकोणिसाव्या श्लोकाची आहे. फक्त तिथं पुढं 'विद्ध्यनादी उभावपि' येतं. अठराव्यात भगवंत क्षेत्र, ज्ञान, ज्ञेय सांगून झालं म्हणतात. माझ्या मते पुढच्या उत्तरातलेच शब्द उचलून हा प्रश्न बांधला आहे. पाठांतरात घसरगुंडी इथंच होते: 'प्रकृतिं पुरुषं चैव' म्हणताच जीभ 'विद्ध्यनादी' कडे वळते आणि मधले अठरा श्लोक गळून जातात.

हा श्लोक धरला की पुढचे सगळे क्रमांक एकानं सरकतात. 'अमानित्वमदम्भित्वम्' कुठं सातवा, कुठं आठवा. प्रवचनकारानं क्रमांक सांगितला आणि तुमच्या पोथीत दुसराच श्लोक निघाला, तर आधी अध्यायाचा शेवट पाहा. 'क्षेत्रक्षेत्रज्ञयोरेवम्' वर चौतीस असेल तर जादा श्लोक धरलेला नाही. पस्तीस असेल तर धरलेला आहे.

पण पस्तीस दिसले म्हणून एकूण सातशे एक होतातच असं समजू नका. काही आवृत्त्यांत पहिला अध्याय सत्तेचाळीसऐवजी सेहेचाळीसचा असतो. तिथं ओळ गाळलेली नसते; एखाद्या श्लोकात दोनऐवजी तीन ओळी धरून क्रमांक दिलेले असतात. इकडं एक कमी, तिकडं एक जास्त, बेरीज पुन्हा सातशे. म्हणून मंडळात नवी पोथी आणाल तर पहिल्या आणि तेराव्या अध्यायाचे शेवटचे क्रमांक दुकानातच पाहून घ्या, आणि पारायणाआधी सगळ्यांनी कोणता पाठ म्हणायचा ते ठरवा.