परत आलेला चेक आणि पंधरा दिवसांची नोटीस

[दृश्य: टेबलावर एक चेक, त्याला टाचलेला बँकेचा छोटा कागद. कॅमेरा कागदावरच्या कारणावर थांबतो: ‘फंड्स इन्सफिशियंट’.]

चेक वटला नाही की बँक तो या कागदासह परत देते. याला रिटर्न मेमो म्हणतात. चेक क्रमांक, रक्कम, परत येण्याचं कारण आणि तारीख, एवढंच यावर असतं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881 च्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार करायची असेल, तर आधी चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवून पैसे मागावे लागतात. नोटीस चुकली तर पुढची तक्रार कितीही खरी असली तरी टिकत नाही. म्हणून आज या नोटिशीकडेच पाहू.

उदाहरण घेऊ. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने कोल्हापूरच्या मसाला उत्पादकाला माल दिला. दोन बिलं झाली, एक 2,40,000 रुपयांचं आणि दुसरं 75,000 रुपयांचं. पहिल्या बिलापोटी उत्पादकाने 10 जून तारखेचा 2,40,000 रुपयांचा चेक दिला. व्यापाऱ्याने तो आपल्या खात्यात भरला. 12 जूनला मोबाइलवर बँकेचा मेसेज आला, चेक रिटर्न. मेमो मात्र त्याने शाखेत जाऊन 15 जूनला घेतला.

[दृश्य: कॅलेंडर. 12 आणि 15 जूनवर खुणा.]

पहिला प्रश्न इथेच उभा राहतो. नोटीस पाठवायला कायदा 30 दिवस देतो. ते मोजायचे कुठून? चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाली तिथून, असं कायदा म्हणतो. मेमो 15 तारखेला हातात आला म्हणून व्यापारी 16 जूनपासून मोजेल, म्हणजे 15 जुलैपर्यंत. पण समोरचा वकील उलटतपासात मोबाइलचा मेसेज काढायला लावेल आणि म्हणेल, माहिती 12 तारखेलाच मिळाली होती. मग 30 दिवस 12 जुलैला संपतात. हा वाद ओढवून घ्यायचं काहीच कारण नाही. जी तारीख सर्वांत आधीची, ती धरायची. आणि शेवटच्या आठवड्यावर काम ठेवायचंच नाही. तक्रार दाखल करायला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून न्यायालयाकडून तो माफ करून घेता येतो. नोटिशीच्या उशिराला तशी तरतूद नाही.

जुन्या टाइप केलेल्या नमुन्यांत अजूनही ‘15 दिवसांच्या आत नोटीस पाठवत आहे’ असं वाक्य आढळतं. 2002 च्या दुरुस्तीपूर्वी तीच मुदत होती. 6 फेब्रुवारी 2003 पासून ती 30 दिवस झाली. आज 15 दिवस उरतात ते पैसे भरण्यासाठी, चेक देणाऱ्याला. जुना नमुना उतरवताना या दोन मुदती एकमेकींत मिसळतात, म्हणून तो बाजूला ठेवलेला बरा.

आता लिहायला बसू. नोटीस वकिलानेच पाठवावी अशी अट नाही. ज्याच्या नावे चेक आहे तो स्वतःच्या सहीने पाठवू शकतो. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. भाषा चेक देणाऱ्याला समजणारी असावी. कोल्हापूरच्या उत्पादकाला मराठी नोटीस अगदी योग्य.

सुरुवातीला देणं कसं निर्माण झालं ते. ‘तुमच्या मागणीप्रमाणे अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या बिलाने तुम्हांस हळद पुरवली व तुम्ही ती विनातक्रार स्वीकारली.’ मग चेक: क्रमांक, तारीख, बँक, शाखा, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. चेक समोर ठेवून हे उतरवायचं, आठवणीतून नाही. मग चेक कोणत्या बँकेत भरला, कोणत्या तारखेला परत आला आणि मेमोवर लिहिलेलं कारण जसंच्या तसं. कारण ‘अकाउंट क्लोज्ड’ असो, ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर’ असो की सही न जुळणं असो, आपण त्याचा अर्थ लावत बसायचं नाही. सही न जुळल्यामुळे परत आलेला चेकही कलम 138 च्या कक्षेत येऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली स्पष्ट केलं आहे.

[दृश्य: हाताने लिहिला जाणारा परिच्छेद. पेन ‘रु. 2,40,000/-’ वर येऊन थांबतो.]

इथून नोटिशीचा गाभा. व्यापाऱ्याचे एकूण येणे 3,15,000 आहे, वर व्याज. मनात राग असतो, सगळं एकाच कागदात मागावंसं वाटतं. पण कायद्यातले शब्द ‘सदर रक्कम’ असे आहेत, आणि सदर रक्कम म्हणजे चेकची रक्कम. नोटिशीत नुसतंच ‘थकबाकी 3,15,000 रुपये द्यावेत’ असं लिहिलं तर कलम 138 ची मागणीच झालेली नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली अशाच नोटिशीवरची तक्रार टिकू दिली नाही: चेक एक लाखाचा होता आणि नोटिशीत मागणी आठ लाखांवरच्या एकूण थकबाकीची. 2025 साली त्याच न्यायालयाने याहून कडक भूमिका घेतली. चेक एक कोटीचा, नोटिशीत मागणी दोन कोटींची. टंकलेखनातली चूक होती हा खुलासाही मान्य झाला नाही. म्हणजे नोटिशीतला आकडा आणि चेकवरचा आकडा एकच हवा, आणि नोटिशीत तो जिथे जिथे येतो तिथे सगळीकडे.

मग व्याजाचं आणि दुसऱ्या बिलाचं काय? ते मागता येतं, पण वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्याने, चेकच्या मागणीत न मिसळता. शक्यतो दुसऱ्या बिलासाठी वेगळं पत्रच द्यावं. या नोटिशीत एकच काम असलं की न्यायाधीशाला शोधत बसावं लागत नाही.

मागणीचं वाक्य असं होईल:

‘सबब या नोटिशीद्वारे तुम्हांस कळविण्यात येते की, सदर चेकची रक्कम रु. 2,40,000/- (अक्षरी रुपये दोन लाख चाळीस हजार फक्त) ही नोटीस तुम्हांस मिळाल्यापासून 15 दिवसांचे आत मला अदा करावी. तसे न केल्यास तुमचेविरुद्ध निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881 चे कलम 138 अन्वये सक्षम न्यायालयात तक्रार दाखल करण्यात येईल.’

‘मिळाल्यापासून’ हा शब्द हलवू नका. ‘नोटिशीच्या तारखेपासून 15 दिवस’ असं लिहिलं की पोस्टात गेलेले दिवस चेक देणाऱ्याच्या मुदतीतून कापले जातात. दबाव यावा म्हणून ‘7 दिवसांत’ लिहिणारेही आहेत. त्याने कायद्याने दिलेले 15 दिवस कमी होत नाहीत. आठव्या दिवशी तक्रार केली तर ती वेळेआधीची ठरते. मुदत संपण्याआधी दाखल झालेली तक्रार ही कायद्याच्या नजरेत तक्रारच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितलं आहे.

नोटिशीपूर्वीची एक गोष्ट तपासून घ्या. चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत भरण्यापूर्वी समोरच्याने काही पैसे दिले होते का? समजा 40,000 यूपीआयने आले होते. मग चेक सादर झाला त्या दिवशी त्या बिलाचं देणं दोन लाखच होतं आणि चेक मात्र 2,40,000 चा. अशा वेळी पूर्ण रकमेचा चेक तसाच भरला आणि तो परत आला, तर कलम 138 चा गुन्हा होत नाही, असा 2022 चा निकाल आहे. मिळालेली रक्कम चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेसाठीच तो वापरायचा किंवा दोन लाखांचा नवा चेक घ्यायचा. बँका हाताने केलेल्या नोंदींवर हरकत घेतात, म्हणून नवा चेक घेणं सोपं. आपल्या उदाहरणात असं काही आलेलं नव्हतं.

[दृश्य: पोस्टाचा काउंटर. पाकिटावर पत्ता, पावतीवरचा बारकोड.]

नोटीस कोणाला पाठवायची हे चेक सांगतो. खातं कंपनीचं असेल तर कंपनीच्या नावाने नोंदणीकृत पत्त्यावर, आणि सोबत सही करणाऱ्यालाही. फक्त सही करणाऱ्याला पाठवून कंपनीला वगळणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

पत्ते माहीत असतील तितके सगळे वापरा: बिलावरचा, दुकानाचा, घरचा. प्रत्येक पाकीट वेगळं, प्रत्येक पावती जपलेली. रजिस्टर पोस्टची वेगळी सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, त्यामुळे आता स्पीड पोस्ट करून पोहोच मागायची. ट्रॅकिंगचं पान पाकीट पोहोचल्याबरोबर छापून ठेवा. ते संकेतस्थळावर कायम राहील असं धरून चालू नका. व्हॉट्सॲप आणि ईमेलवर प्रत जरूर पाठवा, पण पोस्टाऐवजी नव्हे, पोस्टाच्या जोडीला.

पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘अनक्लेम्ड’ असा शेरा मारून परत आलं तर घाबरायचं कारण नाही. बरोबर पत्त्यावर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोहोचली असं गृहीत धरता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली ठरवून दिलं आहे. परत आलेलं पाकीट मात्र फोडू नका. ते बंद अवस्थेत, शेऱ्यासकट न्यायालयात द्यायचं असतं.

व्यापाऱ्याने नोटीस 22 जूनला टाकली, 25 जूनला उत्पादकाने सही करून घेतली. पोहोचल्याचा दिवस सोडून मोजलं तर 15 दिवस 10 जुलैला पुरे होतात. तोवर पैसे आले नाहीत तर 11 जुलैला तक्रारीचं कारण निर्माण होतं आणि तिथून एक महिना मिळतो. कारण घडल्याचा दिवस वगळायचा असतो, म्हणून शेवटची तारीख 11 ऑगस्ट. जाणते वकील 10 ऑगस्ट ही शेवटची मानतात आणि त्याच्याही आधी दाखल करतात. तक्रार व्यापाऱ्याच्या खात्याची शाखा ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथे, म्हणजे सांगलीत. 2015 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी कोल्हापूरला जावं लागत नाही.

नोटिशीचे 30 दिवस हुकलेच असतील तर? चेकची वैधता तीन महिन्यांची. 10 जूनचा चेक ती संपण्याआधी पुन्हा भरता येतो. पुन्हा परत आला की नवा मेमो, नवे 30 दिवस, नवी नोटीस. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्याच दुसऱ्या एका निकालाने हा मार्ग मोकळा केला. वैधता संपलेली असेल तर मात्र कलम 138 चा रस्ता बंद होतो आणि दिवाणी दावाच उरतो.

आणि नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत फक्त एक लाख आले तर? पैसे घ्या, पावती द्या, पावतीवर ‘चेकच्या रकमेपैकी आंशिक’ असं लिहा. पूर्ण रक्कम मुदतीत आलेली नसल्याने तक्रारीचं कारण उरतंच, पण तक्रारीत हे एक लाख लपवू नका. पूर्ण 2,40,000 मुदतीत आले तर कलम 138 चं प्रकरण तिथेच संपतं. व्याज आणि 75,000 चं दुसरं बिल यांच्यासाठी दिवाणी न्यायालयाकडे जावं लागेल.