यंदाचा तोटा, पाच वर्षांपूर्वीचा कर

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल २०२० मधली गोष्ट. कोविडमुळे अमेरिकेच्या आयकर खात्याची, म्हणजे आयआरएसची, कार्यालयं बंद होती आणि टपाल उघडायलाही माणूस नव्हतं. नेमकं त्याच वेळी देशभरातल्या कंपन्यांना ‘फॉर्म ११३९’ नावाचा अर्ज करायचा होता, आणि तो एरवी कागदावरच पाठवावा लागे. शेवटी खात्याने जाहीर केलं की १७ एप्रिलपासून हा अर्ज फॅक्सने पाठवला तरी चालेल. बऱ्याच कंपन्यांना त्यासाठी आधी फॅक्स मशीन शोधावं लागलं असणार!

या अर्जात कंपनी सरकारला सांगते, ‘आम्हाला यंदा तोटा झाला आहे. तो आमच्या जुन्या नफ्यातून वजा करा, आणि तेव्हा आम्ही भरलेला कर परत द्या.’ सवलत नाही, कर्ज नाही, अनुदानही नाही. पूर्वी भरलेलाच पैसा मागायचा. यालाच ‘लॉस कॅरी बॅक’ म्हणतात. आज बोलायचं आहे ते याविषयी.

मुळात अशी सोय का लागते, ते आधी पाहू. कर दरवर्षी मोजला जातो, धंदा मात्र वर्षाच्या चौकटीत बसत नाही. समजा, एखाद्या कंपनीला एका वर्षी एक कोटीचा नफा झाला आणि पुढच्या वर्षी एक कोटीचा तोटा. दोन वर्षं मिळून तिची कमाई शून्य. पण कराचा दर २५ टक्के असेल, तर पहिल्या वर्षाचे पंचवीस लाख सरकारजमा झालेले असतात आणि दुसऱ्या वर्षी सरकार म्हणतं, ‘तोटा? तो तुमचा तुम्ही बघा.’ म्हणजे सरकार नफ्यात भागीदार आणि तोट्यात पाहुणा.

यावर दोन उपाय आहेत. एक आपल्या व्यापाऱ्यांच्या आणि सीएंच्या ओळखीचा, तोटा पुढे नेणं, म्हणजे कॅरी फॉरवर्ड. पुढे नफा होईल तेव्हा त्यातून हा तोटा वजा होतो आणि तेवढा कर वाचतो. दुसरा, तोटा मागे नेणं. कागदावर दोन्हींचा हिशेब सारखाच दिसतो, पण कॅरी फॉरवर्डमध्ये मिळतं ते फक्त आश्वासन. त्याला व्याज नाही. नफा कधी होईल, होईल की नाही, हे कुणालाच माहीत नसतं. कंपनी त्याआधीच बंद पडली तर आश्वासनही संपलं. कॅरी बॅकमध्ये रोख पैसे हातात येतात, आणि तेही कंपनी सगळ्यात जास्त अडचणीत असताना.

आता अमेरिकेतलं उदाहरण नीट मांडून पाहू, कारण २०२० साली तिथे एक विलक्षण योग जुळून आला. २०१७ पर्यंत तिथे तोटा दोन वर्षं मागे आणि वीस वर्षं पुढे नेता येत असे. २०१७ च्या शेवटी करकायदा बदलला. मोठ्या कंपन्यांवरचा कराचा दर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आला. त्याबरोबर तोटा मागे नेण्याची सोय शेतीसारखे काही अपवाद सोडून काढून टाकण्यात आली. पुढे नेण्याला वर्षांची मर्यादा उरली नाही, पण पुढच्या नफ्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच जुना तोटा वजा करता येईल, अशी अट आली.

मग मार्च २०२० मध्ये कोविडच्या मदतीचा कायदा आला. २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षांतला तोटा पाच वर्षं मागे नेण्याची मुभा मिळाली.

आता एक कल्पित कंपनी घेऊ. तिला २०१५ साली दोन कोटी डॉलरचा करपात्र नफा झाला. त्या वेळच्या ३५ टक्क्यांनी तिने सत्तर लाख डॉलर कर भरला. २०२० साली तिला दोन कोटी डॉलरचा तोटा झाला. पाच वर्षं मागे गेलं की २०१५ येतं. तिथला नफा पूर्ण पुसला गेला आणि सत्तर लाख डॉलर परत आले. हाच तोटा तिने पुढे नेला असता, तर पुढच्या नफ्यावर २१ टक्क्यांनी वाचला असता बेचाळीस लाख डॉलरचा कर, तोही केव्हातरी. म्हणजे फरक अठ्ठावीस लाख डॉलरचा, आणि तो व्याज धरण्याआधीचा! जुना नफा महागड्या दराचा आणि नवा तोटा स्वस्त दराचा, म्हणून हे घडलं. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

प्रत्यक्षात मात्र हे काम एका ओळीचं नसतं. तोटा मागे नेताना हवं ते वर्ष निवडता येत नाही. सगळ्यात जुन्या वर्षापासून सुरुवात करायची, तिथे उरलेला तोटा पुढच्या वर्षात, असं करत करत आजपर्यंत यायचं. मागे न्यायचाच नसेल तर तसं मुदतीत लेखी कळवून हक्क सोडता येतो. पण दोन वर्षं घेतो, तीन सोडतो, असं चालत नाही. शिवाय जुन्या वर्षाचा सगळा कर पुन्हा मोजावा लागतो. त्या वर्षीची एखादी वजावट नफ्याच्या प्रमाणात मिळाली असेल, तर नफा कमी झाल्यावर तीही आक्रसते. म्हणून कागदावर दिसणारा परतावा आणि हातात येणारा परतावा पुष्कळदा वेगळे निघतात.

आता वेग पाहा. फॉर्म ११३९ आला की आयआरएसने साधारणपणे नव्वद दिवसांत पैसे द्यायचे असतात, तपासणी मागाहून होते. मोठा परतावा असेल, म्हणजे पन्नास लाख डॉलरच्या वर, तर तो अमेरिकी संसदेच्या संयुक्त कर समितीकडेही पाहणीसाठी जातो. पण पैसे आधी मिळतात. या सोयीचं सगळं मोल तिथेच आहे. मंदीत अडकलेल्या कारखान्याला तीन वर्षांनी मिळालेला न्याय काय कामाचा?

ही कल्पना काही कोविडात सुचलेली नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या १९१८ च्या महसूल कायद्यात तोटा एक वर्ष मागे नेण्याची तात्पुरती सोय होती. ती लवकरच गेली आणि १९४२ मध्ये परत आली. तेव्हाचं कारण मला फार पटणारं वाटतं. युद्धात कारखाने रात्रंदिवस चालत होते, नफ्यावर जबर कर लागत होता, पण यंत्रांची दुरुस्ती पुढे ढकलली जात होती. युद्ध संपल्यावर ती दुरुस्ती, रणगाड्यांऐवजी पुन्हा मोटारी बनवण्यासाठी कारखान्याची फेरमांडणी, हा सगळा खर्च अंगावर येणार होता. तो खर्च खरं तर युद्धातल्या नफ्याचाच होता, फक्त उशिरा दिसणार होता. मग तो त्याच नफ्यातून वजा का होऊ नये?

दुसरं कारण जोखमीचं आहे. १९४४ साली एव्हसी डोमार आणि रिचर्ड मस्ग्रेव्ह या अर्थशास्त्रज्ञांनी एक मुद्दा मांडला. सरकारने नफ्यातला वाटा घेतला आणि तोट्यातलाही तेवढाच वाटा उचलला, तर उद्योजक जोखीम घ्यायला कचरत नाही. फक्त नफ्यातलाच घेतला, तर कचरतो. तोटा मागे नेण्याची सोय या आदर्शाच्या जवळ जाते, पण तिथे पोचत नाही. कारण परतावा मिळतो तो भरलेल्या कराइतकाच. ज्याने पूर्वी कर भरलाच नाही, त्याला काही नाही.

ही मर्यादा दुधारी आहे. एका बाजूने ती सरकारचं रक्षण करते. खोटे तोटे दाखवून कुणी तिजोरीतून पैसे उपसू शकत नाही, कारण त्याने आधी खरोखर कर भरलेला असावा लागतो. पूर्वी कर भरलेला असणं हा कंपनी एकेकाळी चालत होती याचा पुरावाच. पण दुसऱ्या बाजूने नवी कंपनी, जिची पहिली चार वर्षं संशोधनातच गेली, ती कोरडीच राहते. नव्या उद्योगासाठी ही सोय जवळजवळ निरुपयोगी आहे आणि जुन्या, स्थिरावलेल्या कंपनीसाठी मोलाची.

आणि हक्क असूनही सगळे तो वापरत नाहीत. एरिक झ्विक या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कर विवरणपत्रांचा अभ्यास केला, तेव्हा पात्र कंपन्यांपैकी फक्त ३७ टक्क्यांनी हा परतावा मागितल्याचं दिसलं. बाकीच्यांनी आपलाच पैसा तिथे ठेवला! लहान कंपन्यांत हे प्रमाण आणखी कमी. जुनी विवरणपत्रं पुन्हा काढा, पुन्हा मोजा, आणि खाते तपासायला आलं तर उत्तरं द्या, या कटकटीपेक्षा तोटा पुढे ओढणं सोपं वाटतं. अर्ज कोण भरतो, त्यावरही बरंच अवलंबून होतं. हिशेबनीस जाणकार असेल तर परतावा मागितला जाण्याची शक्यता वाढते.

२०२० च्या कायद्यावर टीकाही झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. २०१८ च्या तोट्याचा कोविडशी काय संबंध? तरीही तो मागे नेता आला. कामगारांना कामावर ठेवण्याची अटही नव्हती. २००९ मध्ये आर्थिक संकटानंतर अशीच पाच वर्षांची मुभा दिली होती, पण तेव्हा पाचव्या वर्षाच्या नफ्यातला अर्धाच भाग वापरता येत होता, आणि सरकारकडून बचाव निधी घेतलेल्या बँका वगळल्या होत्या. २०२० मध्ये अशी कुंपणं घातली नाहीत.

इतर देश हात आखडता ठेवतात. ब्रिटनमध्ये एरवी एकच वर्ष मागे जाता येतं. कोविडमध्ये ते तीन वर्षं केलं, पण वाढीव वर्षांसाठी वीस लाख पौंडांची मर्यादा घालून. कॅनडा तीन वर्षं देतो. सिंगापूर एक वर्ष, तेही एक लाख सिंगापूर डॉलरपर्यंत. मर्यादा घालण्यामागचं कारण उघड आहे. मंदीत सगळ्यांचा तोटा एकदम येतो, म्हणजे सरकारचं उत्पन्न घटलेलं असताना परताव्याचे अर्जही तेव्हाच धडकतात.

आपल्याकडे भारतात तोटा मागे नेता येत नाही. धंद्यातला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. इचलकरंजीतल्या एखाद्या कापड कंपनीला २०२०-२१ मध्ये टाळेबंदीमुळे तोटा झाला असेल, तर तो २०२८-२९ पर्यंतच्या नफ्यातूनच वजा होईल. उरलेला वाया जातो. टाळेबंदीपूर्वी तिने भरलेला कर मात्र तिथेच राहतो. न वापरलेला घसारा, म्हणजे यंत्रं-इमारतींच्या झिजेपोटीची वजावट, वेगळा. त्याला वर्षांचं बंधन नाही. आणि आठ वर्षांचा हा हक्कही आपोआप मिळत नाही. तोट्याच्या वर्षाचं रिटर्न मूळ मुदतीतच भरावं लागतं. पुष्कळ जण म्हणतात, ‘नफाच नाही, तर रिटर्नची घाई कशाला?’ उशिरा भरलेलं रिटर्न खातं स्वीकारतं, पण त्यातला धंद्याचा तोटा पुढच्या वर्षी वजा करू देत नाही.

नमस्कार.