सहा दशांश कशासाठी? एका चेंबरचा हिशेब

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, अक्षांश-रेखांश किती दशांश स्थळांपर्यंत लिहावेत, हा आजचा विषय. तो आपण पेठेतल्या एका ड्रेनेज चेंबरवर सोडवू. रस्त्यावर नव्या डांबराचा थर पडला की चेंबरचं झाकण त्याखाली जातं. पावसाळ्यात लाइन तुंबली की ते शोधायची वेळ येते, आणि नोंदीतले आकडे दाखवतील तिथे ब्रेकर लागतो. झाकण जेमतेम दोन फुटांचं. खड्डा थोडा मोठा घेतला, तरी नोंदीतली जागा खऱ्या जागेपासून अर्ध्या मीटरच्या आत हवी, नाहीतर रस्ता फुटतो आणि चेंबर काही सापडत नाही. तेव्हा चालणारी चूक किती, तर ५० सेंटीमीटर. हिशेब इथून सुरू करायचा. पुष्कळदा तो उलट होतो: फोनवर जितके अंक दिसले तितके उतरवून घेतात आणि मग त्यातून किती अचूकता मिळाली ते विचारतात.

आधी अंश मीटरमध्ये आणू. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साडेअठरा अंशांवर, अक्षांशाचा एक अंश जमिनीवर सुमारे १,१०,६८६ मीटर भरतो. रेखांशाचा एक अंश सुमारे १,०५,५९० मीटर. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून तो थोडा लहान. आता दशांश चिन्हानंतरच्या प्रत्येक घराला दहाने भागत जा. पाचव्या घरातला एक अंक म्हणजे उत्तर-दक्षिण १.११ मीटर आणि पूर्व-पश्चिम १.०६ मीटर. सहाव्या घरात साधारण ११ सेंटीमीटर, सातव्यात एक सेंटीमीटरच्या आसपास.

इथे एक घाई नेहमी होते. "पाच दशांश म्हणजे एक मीटर" असं म्हणून लोक पुढे जातात. पण एक मीटर ही दोन शेजारच्या आकड्यांमधली पायरी आहे. आकडा जवळच्या पायरीवर नेला, म्हणजे नीट राउंड केला, तर चूक जास्तीत जास्त अर्ध्या पायरीची होते. ती दोन्ही दिशांना एकाच वेळी होऊ शकते, म्हणून कर्ण घ्यायचा. पुण्यासाठी तो कर्ण काढला तर पाच दशांशांना जास्तीत जास्त ७६.५ सेंटीमीटर येतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की पुरे. चार दशांश असतील तर ७.६५ मीटर, सहा असतील तर ७.६५ सेंटीमीटर. घर बदललं की चिन्ह सरकतं, एवढंच.

मग चेंबरला ५० सेंटीमीटर चालतात, तर लिहिण्यातली चूक किती चालेल? पूर्ण ५० तिलाच देऊन चालणार नाही, कारण मोजणाऱ्या यंत्राची चूकही त्याच ५० मध्ये बसवायची आहे. मी चौथा हिस्सा देते. त्याचं कारण असं: एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज होते आणि मग वर्गमूळ घ्यायचं. एक चूक दुसरीच्या चौथ्या हिश्श्याची असेल, तर एकूण चूक फक्त तीन टक्क्यांनी वाढते. निम्मी असेल तर बारा टक्क्यांनी, आणि तेवढी मला विनाकारण गमवायची नाही. ५० चा चौथा हिस्सा साडेबारा सेंटीमीटर. पाच दशांशांची चूक ७६ पर्यंत जाते, ती बाद. सहा दशांशांची ७.६५, ती बसते. म्हणून चेंबरला सहा.

हाच हिशेब रस्त्याकडेच्या झाडाला लावा. झाड शोधायला पाच मीटरपर्यंत चालतं, कारण तिथे उभं राहिलं की ते दिसतंच. चौथा हिस्सा सव्वा मीटर. पाच दशांश ७६ सेंटीमीटर देतात, पुरे झाले. झाडाला चार का नकोत? चारची चूक साडेसात मीटरवर जाते, म्हणजे नोंद करतानाच झाडाची सगळी सवलत संपते आणि वर अडीच मीटरची उधारी होते.

आता राउंड करणं आणि छाटणं यातला फरक, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. समजा, पेठेतल्या एका चेंबरची मोजलेली जागा १८.५१६२४७, ७३.८५३६८१ अशी आहे. कोणी ती चार दशांशांवर आणली. राउंड केली तर १८.५१६२ आणि ७३.८५३७ येतं. अक्षांश ५.२ मीटर दक्षिणेला गेला, रेखांश २ मीटर पूर्वेला. एकूण सरक साडेपाच मीटर. पण एखाद्या प्रोग्रॅममध्ये आकडा राउंड न करता पुढचे अंक नुसते कापले जातात. मग १८.५१६२, ७३.८५३६ येतं. दक्षिणेला तेच ५.२ मीटर, पण पश्चिमेला साडेआठ. एकूण दहा मीटर. गल्लीच्या रुंदीपेक्षा जास्त!

दहा मीटर हे वाईट आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ही चूक नेहमी एकाच बाजूला जाते. भारतात अक्षांश आणि रेखांश दोन्ही धन आहेत, त्यामुळे कापलेला आकडा कायम लहान होतो आणि प्रत्येक बिंदू दक्षिण-पश्चिमेला, म्हणजे नैर्ऋत्येला सरकतो. चार दशांशांवर छाटलं तर सरासरी साडेपाच मीटर दक्षिणेला आणि सव्वापाच मीटर पश्चिमेला. राउंड केलेल्या शंभर बिंदूंच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी छेद देतात, छाटलेल्या शंभर बिंदूंची सरक तशीच शिल्लक राहते. ओळखायची खूण सोपी आहे. सगळे बिंदू नकाशावर टाका. लक्ष्मी रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो आणि बाजीराव रस्ता साधारण दक्षिणोत्तर. लक्ष्मी रस्त्यावरचे बिंदू एकजात दक्षिणेकडच्या दुकानांत शिरले असतील आणि बाजीराव रस्त्यावरचे पश्चिमेकडच्या इमारतींत, तर छाटणीचा संशय आधी घ्या. यंत्र नुसतं अस्थिर असतं, तर बिंदू दोन्ही बाजूंना पसरले असते.

प्रेक्षकांतून आत्ता एका ताईंनी विचारलं, की फोनचं ॲप तर सात-आठ अंक दाखवतं, मग चेंबरचं काम फोनवर का करू नये? फोन मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरच्या वर्तुळात जागा सांगतो. पेठेतल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना उंच भिंती, उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि चूक आणखी वाढते. सहावा, सातवा, आठवा अंक तिथे गणिताच्या पोटातून आलेला असतो, जमिनीवरून नव्हे. ताई, तुम्ही स्वतः पडताळून बघा: चेंबरच्या झाकणावर फोन ठेवा, नोंद घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा तिथेच ठेवून नोंद घ्या. पहिल्यापासून ज्या घरातले अंक जुळत नाहीत, तिथून पुढचे अंक त्या जागेबद्दल काही सांगत नाहीत. मात्र नोंद जुळली म्हणून ती बरोबर असेलच असंही नाही. भिंतीमुळे येणारी चूक दोन्ही वेळा सारखीच असू शकते.

तरीही फोनची नोंद चार अंकांवर आणू नका, हे मी आग्रहाने सांगते. पाच मीटरच्या चुकीत साडेसात मीटरपर्यंतची आणखी चूक मिसळायचं कारण काय? पाच किंवा सहा अंक ठेवा आणि शेजारी वेगळ्या रकान्यात "अचूकता ५ मीटर" असं लिहा. अचूकता सांगायचं काम दशांश स्थळांवर सोपवू नये, ती स्पष्ट लिहावी. चेंबरसाठी मात्र आरटीके पद्धतीचा जीएनएसएस रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारा सर्वेक्षणाचा रिसीव्हर हवा, जो सर्व्हे ऑफ इंडियाच्या सीओआरएस नावाच्या कायमच्या संदर्भ केंद्रांकडून मोजतानाच दुरुस्ती घेऊन दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत पोहोचतो. गल्लीत तोही अडखळला, तर जुना उपाय अजून चांगला आहे: जवळच्या वाड्याच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून झाकणाच्या मध्यापर्यंत टेप धरायची आणि दोन्ही अंतरं नोंदीत लिहायची.

आकडे कुठे साठवता, तेही बघा. डेटाबेसमधला रकाना `float` म्हणजे ३२ बिटांचा असेल, तर ७३.८५३६८१ हा आकडा त्यात मावतच नाही. ६४ ते १२८ या पट्ट्यात त्याची पायरी ०.०००००७६३ अंशाची असते, म्हणजे पुण्यात पूर्व-पश्चिम ८१ सेंटीमीटर. भारतातले सगळे रेखांश याच पट्ट्यात येतात. आपला चेंबर तिथे सुमारे ७३.८५३६८३५ म्हणून बसेल आणि २६ सेंटीमीटर पूर्वेला जाईल. नशीब वाईट असेल तर दुसरा एखादा ४० सेंटीमीटर जाईल. आपण साडेबाराच द्यायचे ठरवले होते. ओळखायचं असेल तर रेखांश चढत्या क्रमाने लावा: शेजारच्या आकड्यांमधले फरक याच पायरीच्या पटीत येऊ लागले, तर रकाना `double`, म्हणजे ६४ बिटांचा करून मूळ नोंदी पुन्हा भरा. नुसता रकाना बदलून गेलेले अंक परत येत नाहीत.

आणि तारीख. भारताचा भूखंड वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. चेंबर, रस्ता, वाडा सगळं एकत्रच जातं, म्हणून आपल्याला जाणवत नाही. पण संपूर्ण पृथ्वीसाठी ठरवलेल्या संदर्भ-चौकटीत मोजलेले आकडे मात्र बदलतात. दहा वर्षांत अर्धा मीटर, म्हणजे आपली पूर्ण सवलत. झाडाच्या पाच दशांशांना हे कळणारही नाही. चेंबरला सहा दशांश लावले की दोन-तीन वर्षांतच शेवटचा अंक हलतो. म्हणून त्या नोंदीत संदर्भ-चौकट कोणती आणि ती कोणत्या तारखेची, हे दोन रकाने हवेतच.

शेवटचा प्रश्न मागच्या बाकावरून आला आहे: हे पुण्याचे आकडे दुसरीकडे चालतील का? अक्षांशाचा अंश फारसा बदलत नाही. रेखांशाचा कन्याकुमारीला सुमारे ११० किलोमीटर होतो आणि लेहला ९२ च्या आसपास. पाच दशांशांचा कर्ण कन्याकुमारीला ७८ सेंटीमीटर, लेहला ७२. चेंबरचे सहा आणि झाडाचे पाच तिथेही तसेच राहतात.