बोलता न येणाऱ्या बाळाची डोकेदुखी

आज आपण ज्या वयाबद्दल बोलणार आहोत, त्या वयात डोकेदुखी ऐकू येत नाही, ती फक्त वागण्यात दिसते. तान्हे बाळ रडते, पण ते भुकेनेही रडते आणि पोटात कळ आली तरीही रडते. दोन वर्षांचे मूल ‘दुखतंय’ असे म्हणू शकते, पण कुठे असे विचारल्यावर पुष्कळदा पोटावर हात ठेवते, कारण दुखण्याची जागा नेमकी ओळखून सांगण्याची क्षमता हळूहळूच येते. म्हणून डॉक्टरांच्या हाती मुख्य साधन राहते ते आईवडिलांनी पाहिलेल्या गोष्टींचे. चिडचिड, उलटी किंवा झोपाळूपणा यांपैकी कोणतेही एक लक्षण एकटे घेतले तर फारसे काही सांगत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खरी माहिती मिळते ती तीन गोष्टींवरून: त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू होतो, तो कसा संपतो आणि दोन त्रासांच्या मधल्या काळात मूल कसे असते.

एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील मी बदलले आहेत. सव्वादोन वर्षांची एक मुलगी, वजन 12 किलो. महिन्यातून एकदा किंवा दोनदा ती दुपारच्या सुमारास खेळता खेळता अचानक थांबायची. चेहरा पांढराफटक पडायचा, ओठांचा रंगही उतरायचा. खेळणी सोडून ती पडद्यामागे जाऊन जमिनीवर पालथी पडायची आणि कुणी जवळ घेतले तर हात झटकून टाकायची. एरवी कडेवर घेतल्यावर शांत होणारी ही मुलगी त्या वेळी मात्र उचलून हलवले की जास्तच रडायची. खोलीतला दिवा लावला की तोंड उशीत खुपसायची. अर्ध्या तासाने एक उलटी व्हायची, मग ती गाढ झोपायची, आणि दोन तासांनी उठून काही घडलेच नाही अशा रीतीने खायला मागायची. घरच्यांना आधी हा हट्ट वाटला, मग अपचन वाटले, आणि अपचनाची औषधे देऊनही त्रास तसाच राहिला.

या वर्णनात मुलीने डोक्याला एकदाही हात लावलेला नाही, तरीही अर्धशिशीचा विचार पुढे येतो. फिकट पडणे, उजेड टाळणे, हालचाल नकोशी होणे, उलटी आणि झोपेनंतर पूर्ण आराम हा क्रम प्रत्येक वेळी तोच होता. लहान मुलांमध्ये अर्धशिशीचे दुखणे मोठ्यांप्रमाणे एका बाजूला नसून बहुधा कपाळभर असते आणि ते एक-दोन तासांतही संपू शकते. घरात कुणाला हा विकार आहे का, हेही विचारावे लागते; इथे आईला तो होता. आणखी एक गोष्ट बोलता बोलता निघाली. ही मुलगी आठ महिन्यांची असताना तिची मान अधूनमधून एका बाजूला कलायची, काही तास किंवा एखादा दिवस तशीच राहायची आणि मग आपोआप सरळ व्हायची. अशा रीतीने वारंवार येऊन जाणारी मान वाकडी होण्याची अवस्था अर्धशिशीशी नाते सांगणारी मानली जाते आणि वाढत्या वयात ती सहसा थांबते. मात्र असे पहिल्यांदा घडले तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ते निरुपद्रवी मानू नये, कारण मेंदूच्या मागच्या भागातील गाठीमुळेही मूल मान एका बाजूला धरते.

आता याच लक्षणांची दुसरी मांडणी पाहा. मूल सकाळी झोपेतून उठतानाच कुरकुरते, काही खाण्यापूर्वीच उलटी होते, उलटीनंतर थोडे हलके वाटते आणि दिवस जसा चढतो तसे ते सुधारते. पण हेच पुन्हा पुन्हा होत राहते आणि हळूहळू मधले दिवसही पूर्वीसारखे राहत नाहीत: चालताना तोल जातो, नव्याने तिरळेपणा दिसतो, आधी येणारी गोष्ट जमेनाशी होते. आडवे झोपल्याने कवटीतील दाब वाढतो, शिवाय झोपेत श्वास मंद होऊन रक्तातील कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो आणि मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून असा त्रास पहाटे व सकाळी जास्त जाणवतो. पहिल्या मुलीच्या बाबतीत मधले आठवडे निखळ निरोगी होते, वाढ आणि चालणे-बोलणे चोख होते. हा फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

तान्ह्या बाळात मात्र सकाळचा हा नियमही पुरत नाही. त्याची टाळू उघडी असते आणि कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात, त्यामुळे वाढलेल्या दाबाला वाट मिळते आणि दुखण्याआधी डोक्याचा घेरच वाढू लागतो. पहिल्या तीन महिन्यांत घेर दरमहा सुमारे 2 सेंटिमीटर, पुढच्या तीन महिन्यांत सुमारे 1 आणि त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत सुमारे अर्धा सेंटिमीटर वाढतो. एका मापापेक्षा या वाढीची रेघ वर वळते आहे का, हे पाहायचे असते. टाळू तपासायची ती बाळाला उभे धरून आणि ते शांत असताना, कारण रडताना किंवा आडवे असताना ती निरोगी बाळातही फुगलेली लागते.

डोके आपटण्याबद्दल पालक हमखास विचारतात. झोपेपूर्वी ठरावीक लयीत डोके आपटणारे बाळ एरवी खेळकर असेल, तर ती बहुधा झोपेकडे जाण्याची सवय असते. पूर्वी कधीही न करणारे मूल अचानक डोके दाबू, आपटू किंवा केस ओढू लागले आणि सोबत रंग उतरला किंवा खेळ थांबला, तर ती वेगळी गोष्ट आहे. कान ओढणाऱ्या मुलाचा कान आणि घसा आधी तपासावा. या वयातले पुष्कळसे डोके दुखणे ताप व सर्दीसोबतच येते.

घरी करण्याजोगी सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे त्रास चालू असताना मोबाइलवर घेतलेले मिनिटभराचे चित्रीकरण आणि त्याखाली लिहिलेली वेळ, आधीची झोप, आधीचे खाणे आणि उलटीनंतरची स्थिती. या मुलीची अशी दीड महिन्याची नोंद, सामान्य तपासणी, डोळ्यांच्या आतील पडद्याची तपासणी आणि घेराचे जुने आकडे जुळल्यावर एमआरआय करावा लागला नाही. एवढ्या लहान मुलाला त्यासाठी गुंगी किंवा भूल द्यावी लागते, म्हणून तो नुसत्या समाधानासाठी करू नये. आणि सकाळच्या उलट्या, बिघडलेला तोल किंवा नवा तिरळेपणा असेल तर तो लांबणीवरही टाकू नये.

तापासोबत फुगलेली टाळू, दूध पूर्ण नाकारणे, उचलल्यावर अधिकच वाढणारे कर्कश रडणे, जागे करूनही जागे न होणे, झटका येणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वारंवार उलट्या होणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. मेंदूज्वरात मान ताठ होते हे खरे, पण दीड वर्षाखालील बाळात ती ताठ नसली तरी आजार असू शकतो.

औषधाबद्दल शेवटचे. पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीला 120 ते 180 मिलिग्रॅम. ती रंग उतरताच दिली तर उपयोग होतो, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. थेंब आणि सिरप यांची तीव्रता खूप वेगळी असते, म्हणून प्रत्येक नवी बाटली आणल्यावर लेबल वाचून मिलिलिटर पुन्हा मोजावेत. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये, कारण विषाणूच्या तापात त्यामुळे यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. तीन महिन्यांखालील बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेच औषध देऊ नये, आणि मोठ्या मुलाला आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस वेदनाशामक द्यावे लागत असेल, तर बाटली बदलण्याआधी त्याला पुन्हा तपासून घ्यावे.