पोलं फळ, पक्कं फळ

(दृश्य: पहाट, वरूड तालुक्यातला संत्र्याचा बगीचा. कात्रीचा आवाज.)

नोव्हेंबर. आंबिया बहाराची तोडणी. फळ ओढायचं नाही, देठाशी कात्रीनं कापायचं. ओढलं तर देठाजवळची साल फाटते आणि तिथूनच सड सुरू होते. भावाची खरी सुरुवात या कात्रीपाशी होते, मंडीत नाही.

(दृश्य: शेडमध्ये बायांचे हात. मग मशीनचे रोलर.)

मशीन फक्त आकार ओळखते. रोलरमधली फट पुढे पुढे रुंद होत जाते. बारीक फळ आधी पडतं, मोठं शेवटी. पण सगळ्यात मोठं ते सगळ्यात चांगलं, असं संत्र्यात नसतं. ही ताई प्रत्येक मोठं फळ अंगठ्यानं दाबून बघते.

"हे पोलं हाये भाऊ. वरून राजा, आतून रिकामं."

पोलं म्हणजे साल सुटलेलं. बांगलादेशपर्यंतच्या प्रवासात ते क्रेटमध्ये दबतं. म्हणून निर्यातदाराला मध्यम-मोठं, घट्ट, देठासह, बिनडागी फळ लागतं. लाल्यानं, म्हणजे कोळी किडीनं, तपकिरी झालेली साल त्याला चालत नाही, आतला रस कितीही गोड असो. रस्त्यावरचं गिऱ्हाईक मात्र फळ तिथंच सोलून खातं. त्याला डाग चालतो, पोलंही चालतं.

(दृश्य: चार ढीग. शेतकरी वहीत आकडे लिहितो.)

आज या शेडवर शंभर क्रेट आले, वीस किलोचे. दोन हजार किलो. व्यापारी सरसकट २२ रुपये देत होता, म्हणजे ४४,००० रुपये.

निवडून झाल्यावर निर्यातीला ७०० किलो निघाला, ३४ रुपयांनी. ३०० किलो रस्त्यावरच्या स्टॉलला, ३५ रुपयांनी. २०० किलो चुरी, म्हणजे बारीक फळ, ८ रुपयांनी. उरलेला ८०० किलो त्याच व्यापाऱ्याकडे गेला, पण २० रुपयांनी. चांगला माल वेचून काढलाय हे त्याला ढीग पाहताच कळतं. २२ च्या भावात ते घट्ट फळही होतं ना!

बेरीज ५१,९००. निवड, धुणं, मेण, मजुरी किलोमागे दोन रुपये, ते वजा केले तर ४७,९००. सरसकटपेक्षा ३,९०० जास्त.

(दृश्य: क्रेट भरलेला ट्रक, मागून.)

सीमेपलीकडे आमचा कॅमेरा गेला नाही. बांगलादेशानं गेल्या काही वर्षांत आयातशुल्क वाढवत नेलं, आणि निर्यातदार तो बोजा इथल्या भावातून कापतो. ३४ चे २८ झाले, तर हीच बेरीज खर्च जाऊन ४३,७०० वर येते. सरसकटपेक्षा तीनशे रुपये कमी.

(दृश्य: संध्याकाळ. बाया चुरी पोत्यात भरतात. मशीन बंद. शेतकरी एक डागी संत्रं सोलून खातो.)