हिरवी फ्रेम नेमकी येते कुठून?

नमस्कार मंडळी! नंदनवनच्या एका भावानं क्लिप पाठवली आणि विचारलं, "दादा, कन्व्हर्ट केल्यावर मधेच हिरवं का येतं?" हाच प्रश्न महिनाभर येतोय, म्हणून आज फक्त त्यावर बोलू.

बहिणीचा साखरपुडा, फोनवर घेतलेलं शूटिंग, H.264, 1920 बाय 1080. अंगठी घालतानाच फ्रेमचा खालचा अर्धा भाग हिरवागार होतो, चौकोन सरकतात आणि सेकंदभरात सगळं नीट होतं. त्यानं चार वेळा कन्व्हर्ट केलं, बिटरेट दुप्पट केला. काहीच फरक नाही.

आधी हिरवाच का, लाल का नाही, ते सांगतो. व्हिडिओत रंग लाल-हिरवा-निळा असा साठवत नाहीत. उजेडाचा एक आकडा असतो आणि रंगाचे दोन. रंगाच्या त्या दोन आकड्यांत "रंग नाही" म्हणजे 0 नाही, 128. आता डीकोडरला तुकडा वाचताच आला नाही आणि ती जागा 0, 0, 0 अशी कोरी राहिली, तर पडद्यावर काळं नाही, हिरवं दिसतं. त्यामुळे असा ठळक हिरवा पट्टा दिसला की समजा, तिथे चित्र पोचलंच नाही. पूर्ण व्हिडिओवर पहिल्यापासून शेवटपर्यंत हलकी हिरवी झाक असेल तर ते दुखणं वेगळं, त्यावर आज बोलत नाही.

आणि सेकंदभरच का? पूर्ण चित्र फक्त कीफ्रेममध्ये असतं, पुढच्या फ्रेम आधीच्यावर उभ्या असतात. फोन साधारण सेकंदाला एक कीफ्रेम टाकतात. तीसपैकी नववी फ्रेम फुटली तर पुढच्या कीफ्रेमपर्यंतच्या सगळ्या तिच्यामागे बिघडत जातात.

आता माझं म्हणणं नीट ऐका. बिटरेटला हात लावण्याआधी हिरवं कोणत्या बाजूला आहे ते शोधा. कन्व्हर्टर दोन कामं करतो: जुनी फाइल उघडून चित्र काढतो, मग ते नव्यानं बांधतो. चित्र काढतानाच हिरवं आलं असेल तर एन्कोडर ते हिरवं इमानदारीनं बांधून देणार. बिटरेट वाढवला तर हिरवं आणखी स्पष्ट दिसेल, एवढंच!

तपासायचं कसं? ffmpeg नावाचा व्हिडिओ उघडणारा-बदलणारा प्रोग्रॅम घ्या आणि मूळ फाइलवर ही कमांड चालवा:

```
ffmpeg -v error -i mul.mp4 -f null -
```

यात नवी फाइल बनत नाही, फक्त सगळ्या फ्रेम उघडून बघितल्या जातात. काहीच छापलं नाही तर सहसा फाइल ठीक. भावाच्या फाइलवर ही ओळ आली:

```
error while decoding MB 61 34, bytestream -9
```

MB म्हणजे 16 बाय 16 पिक्सेलचा चौकोन. 1080 उंचीत असे 68 थर बसतात आणि 34 म्हणजे बरोबर मधला. म्हणूनच खालचा अर्धा भाग गेला! कन्व्हर्ट केलेल्या फाइलवर हीच कमांड चालवली तर एकही चूक नाही. म्हणजे नवी फाइल निरोगी आहे, तिच्यात हिरवं चित्र व्यवस्थित बांधलेलं आहे.

इथे लोक हमखास भांडतात: "पण मूळ फाइल प्लेयरमध्ये साफ दिसते ना!" दिसते, कारण तो प्लेयर सॉफ्टवेअरनं डीकोड करतो आणि फुटलेल्या जागी आधीच्या फ्रेमचा तुकडा चिकटवून झाकतो. कन्व्हर्टर ग्राफिक्स कार्डानं डीकोड करत होता, तो तसं झाकत नाही. डोळ्यांवर जाऊ नका, कमांडवर जा. हे मला कळकळीनं सांगायचंय, कारण मी स्वतः भाच्याच्या बारशाची मूळ फाइल "साफ दिसते" म्हणून तपासली नाही, फोनमधून उडवली आणि नंतर रडत बसलो.

भावाकडे फोनमध्ये शूटिंग अजून होतं. पेन ड्राइव्हऐवजी थेट केबलनं पुन्हा कॉपी करायला लावलं आणि दोन्ही कॉपींचा हॅश, म्हणजे फाइलच्या डेटावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढला:

```
certutil -hashfile mul.mp4 SHA256
```

साइज बाइटपर्यंत सारखी, हॅश वेगळा. पेन ड्राइव्हवरून येताना डेटा बिघडला होता. नव्या कॉपीवर पहिली कमांड गप्प राहिली आणि जुन्याच बिटरेटला अंगठी अगदी स्वच्छ आली.

मूळ उरलंच नसेल तर? गेलेला डेटा परत येत नाही. कन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद करून एकदा करून बघा. हिरव्याऐवजी थोडी धूसर, अडखळलेली फ्रेम मिळेल. तीही नको असेल तर तो सेकंद कापा किंवा तिथे एखादा फोटो टाका, आवाज तसाच चालू ठेवून.

आणि उलट झालं, मूळ फाइलवर कमांड गप्प आणि तरी नवीन फाइलमध्ये हिरवं, तर कन्व्हर्टरचं हार्डवेअर डीकोडिंग आणि एन्कोडिंग दोन्ही बंद करून फक्त ती दहा सेकंद कन्व्हर्ट करा. हिरवं गेलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर बदला. तरीही राहिलं तर मूळ फाइलचा तेवढाच तुकडा मला पाठवा, कन्व्हर्ट केलेला नको.