आधी जागा, मग कपडे

नमस्कार श्रोतेहो. तुळशीचं लग्न लागलं की आपल्या किनाऱ्यावर प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी सुरू होते. ड्रोनच्या घरघरीने बिचारे बगळेसुद्धा उठून जातात, पण ते असो. आज बोलायचंय फोटोतल्या कपड्यांच्या रंगांबद्दल. पहिली गोष्ट, आधी जागा ठरवा, मग कपडे.

आमच्या शेजारच्या काकूंच्या नातीचे फोटो गुहागरच्या समुद्रावर काढले. तिची गर्द हिरवी साडी, हातात हिरव्या बांगड्या, आणि नवरदेवाला मॅचिंग म्हणून पोपटी कुर्ता. मागे सुरूचं बन, तेही हिरवं! फोटोत दोघं झाडांत विरघळून गेलेली. मग ठरलं की एडिटिंगमध्ये कुर्ता मोहरी रंगाचा करायचा. फोटोग्राफरच्या पोराने हिरव्याची पट्टी पिवळ्याकडे सरकवली, तर सुरूचं बन वाळल्यासारखं झालं आणि बांगड्याही पिवळ्या पडल्या. म्हणून त्याने पुन्हा बसून फक्त कुर्त्याभोवती मास्क काढला, म्हणजे रंग तेवढ्याच भागात बदलावा अशी हद्द आखली. काम झकास झालं. सगळे खूश.

काकूंनी चष्मा लावला, फोटो बघितला आणि म्हणाल्या, "अरे, हा वर पिवळा आणि खाली पाण्यात हिरवा कसा?" ओहोटीची ओली वाळू, श्रोतेहो! तिच्यात कुर्त्याचं प्रतिबिंब पोपटीच राहिलेलं. आणि हनुवटीखाली कुर्त्याची हिरवी झाक होती, तीही तशीच. भडक कपड्यावर ऊन पडलं की त्याचा रंग मानेवर उतरतो. पोराने मग प्रतिबिंबाभोवतीही तसाच मास्क काढून रंग बदलला आणि मानेवरचा हिरवा तेवढा फिका केला.

पोपटीचा मोहरी झाला, कारण दोन्ही रंग उजळ आहेत. काळ्या कुर्त्याचा मोहरी करायला गेलात तर चुण्या मातकट दिसतात. पांढऱ्याला रंग दिला तर उन्हात जिथे कापड नुसतं पांढरंफेक आलंय, तिथे चुण्याच उरत नाहीत आणि रंग फासल्यासारखा दिसतो. म्हणून पुन्हा सांगते, आधी जागा, मग कपडे.

सुरूच्या बनापुढे मोहरी, अबोली, फिकट गुलाबी घ्या. जांभ्याच्या लाल चिऱ्यांपुढे विटकरी नको, मोरपंखी किंवा मोतिया खुलतो. घरचे सगळे असतील तर नवरीची साडी मुख्य धरा. तिच्या काठातला एक रंग आईला, त्याचाच फिका बाबांना, आणि फुलाफुलांचं कापड एकाच्याच अंगावर. सगळ्यांना एका ठाणातले कपडे शिवू नका, बँडवाल्यांसारखं दिसतं. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी, ते कपडे धरून मोबाईलवर एक फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. कापड आणि मागची झाडं एकसारखीच करडी दिसली, तर कपडा फिका किंवा गडद घ्या. आणि नवरदेवांनो, तो गॉगल तेवढा खिशात ठेवा.